रो मारताना कंबरेला किती राबावं लागतं?

पाठीसाठी रो मारायच्या दोन तऱ्हा आपल्याकडच्या जिममध्ये दिसतात. एकीत पोरगा कमरेतून पुढे वाकतो, हातात रॉड लोंबता ठेवतो आणि बेंबीकडे ओढतो. दुसरीत तो तिरप्या बेंचवर पालथा पडतो, छाती गादीला टेकवतो आणि दोन डंबेल्स ओढतो. दोन्हींत हात तसेच मागे जातात आणि विंग्ज, म्हणजे काखेखालचे पाठीचे रुंद स्नायू, जवळपास सारखेच लागतात. खांद्याच्या फऱ्यांमधले स्नायूही दोन्हीकडे कामाला येतात. म्हणून बरेच जण समजतात की बेंच मोकळा असेल तर हा मारायचा, नाहीतर तो. कंबरेपुरतं बोलायचं तर या दोन व्यायामांत मोठं अंतर आहे. आपल्या यवतमाळ-वाशिमकडे, जिथं जिमला येणारा अर्धा माणूस दिवसभर शेतात वाकून आलेला असतो, तिथं हे अंतर समजून घ्यायलाच हवं.

सगळा फरक एका प्रश्नात आहे: वाकलेलं धड कोण धरून ठेवतं? उभं राहून वाकलात की धड हवेत अधांतरी असतं. ते खाली पडू नये म्हणून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे पाठीचे लांब स्नायू ते ओढून धरतात. त्यांच्या जोडीला कुल्ले आणि मांडीचे मागचे स्नायू असतात. छाती बेंचवर टेकली की हेच काम बेंच करतो.

कंबरेवर किती भार येतो, हे साध्या गुणाकाराने काढता येतं. ६५ किलोचा एक जवान घ्या. कंबरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याच्या वर त्याचं जे शरीर आहे, म्हणजे धड, डोकं, हात, त्याचं वजन ३५ किलोच्या आसपास असतं. त्या मणक्यापासून खांदा साधारण ४५ सेंटीमीटरवर, आणि वरच्या शरीराच्या वजनाचा मध्य २५ सेंटीमीटरवर धरू. आता तो इतका वाकला की धड जमिनीशी ३० अंशांचा कोन करतं. नीट मारलेल्या रोमध्ये एवढं वाकणं असतंच. अशा वेळी शरीराच्या वजनाचा मध्य कंबरेपासून आडवा मोजला तर २२ सेंटीमीटर पुढे येतो, आणि खांद्याखाली लोंबणारा रॉड ३९ सेंटीमीटर पुढे.

रॉड आणि प्लेटा मिळून ४० किलो. मग ३५ गुणिले २२ म्हणजे ७७०, आणि ४० गुणिले ३९ म्हणजे १५६०. बेरीज २३३०. हा पुढे पाडणारा जोर पाठीच्या स्नायूंना मागून तोलायचा आहे, आणि त्यांची अडचण अशी की ते मणक्याच्या अगदी लगत बसलेले आहेत, जेमतेम ६ सेंटीमीटरवर. फावड्यात ओली माती भरा आणि दांड्याच्या अगदी टोकाला एका हाताने धरून फावडं आडवं ठेवा. माती पाच किलोचीच असली तरी मनगटाला ती किती जड होते ते कळेल. पाठीच्या स्नायूंची गत तीच आहे. २३३० भागिले ६ म्हणजे ३९० किलोच्या आसपास जोर त्यांना लावावा लागतो, आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या गाद्यांवर पडतो.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्येकाची उंची आणि बांधा वेगळा, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या दिसतात. हातातलं वजन ४० किलो असलं तरी, वाकलेल्या अंगाचं वजन धरून, कंबरेला त्याच्या जवळपास दहापट जोर लावावा लागतो. आणि हातात काहीच नसताना, नुसतं वाकून उभं राहिलं तरी, ७७० भागिले ६ म्हणजे १३० किलोचा जोर लागतच असतो. म्हणजे सेटमध्ये रॉड खाली असो, वर असो की तुम्ही मधे दम घेत वाकूनच थांबलेले असा, कंबरेचं काम एक क्षणही बंद पडत नाही.

जर्मनीत १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या गादीत बारीक दाबमापक बसवून प्रत्यक्ष मोजणी झाली होती. सरळ उभं असताना जेवढा दाब होता, त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दाब नुसतं पुढे वाकल्यावर भरला. २० किलोचं वजन पाठ गोल करून उचलताना तो साडेचारपटीच्या वर गेला, आणि तेच वजन अंगालगत धरल्यावर पुन्हा दुपटीच्या आसपास आला. वजन तेवढंच, फक्त अंतर बदललं.

याच अंतरामुळे वाकलेल्या रोमध्ये कंबरेला सगळ्यात कठीण क्षण कोणता, हे सांगता येतं. रॉड बेंबीला लागतो तेव्हा तो कंबरेच्या जवळ आलेला असतो. कठीण क्षण असतो तो अगदी खालचा, हात सरळ असताना, ओढायला सुरुवात करायचा. नेमक्या त्याच क्षणी पोरं झटका देतात. झटक्याने ४० किलोचा रॉड क्षणभर ५०-६० किलोसारखा वागतो, आणि तोही सगळ्यात लांबच्या अंतरावर. गाण्याच्या ठेक्यावर धड वरखाली हलवत मारलेल्या रोमध्ये विंग्जचं काम कमी होतं आणि कंबरेचं वाढतं, ते यामुळे.

काही जण यावर तोडगा म्हणून कमी वाकतात. धड ४५ अंशांवर ठेवलं तर वरचाच गुणाकार ३९० वरून ३२० च्या आसपास येतो. फायदा आहे, पण मोठा नाही. शिवाय जितकं उभं राहाल तितका रॉड वरच्या पाठीकडे आणि मानेजवळच्या स्नायूंकडे जातो, विंग्ज सुटत जातात. आणखी उभं राहिलं की तो रो उरतच नाही, खांदे उडवणं होतं.

आता बेंचवर या. बेंचची पाठ ३० ते ४५ अंशांवर, छातीचं मधलं हाड गादीवर, दोन्ही हातांत डंबेल्स. धडाचं वजन गादीवर. डंबेल ओढताना जो जोर खांद्यातून धडात उतरतो, तो छातीच्या पिंजऱ्यातून सरळ गादीत जातो. कंबरेपर्यंत त्याला पोचायची गरजच पडत नाही, कारण पुढे पडणारं धड धरायला खाली लाकूड-लोखंड आहे. पाठीचे लांब स्नायू पूर्ण झोपत नाहीत. विंग्जचा खालचा पडदा कंबरेच्या जाड पडद्याशी आणि कटीच्या हाडाशी जोडलेला असतो, त्यामुळे जोरात ओढताना कंबरेत थोडा ताण येतोच. पण वाकून उभं राहिल्यावर जो येतो त्याच्यापुढे तो फार कमी.

हा आराम छाती गादीला टेकलेली असेपर्यंतच मिळतो. वजन झेपेनासं झालं की माणूस नकळत छाती उचलतो, कंबर मागे कमानीसारखी वळवतो आणि डंबेल वर आणतो. छाती सुटली की बेंच असून नसल्यासारखा. प्रत्येक हातात १५ किलो धरले, धड ३० अंशांवर धरलं, तर ७७० अधिक ३० गुणिले ३९, भागिले ६: पुन्हा ३२० किलो कंबरेवर. वर कंबर ताणून मागे वळलेली, ते वेगळंच. म्हणून छाती सुटते की नाही हे तपासायची एक सोपी युक्ती वापरा. छाती आणि गादीच्या मधे घडी केलेला दुपट्टा ठेवा आणि सोबत्याला त्याचं टोक हलकेच ओढून धरायला सांगा. रेपमधे दुपट्टा सुटून हातात आला की सेट तिथंच संपला.

कंबरेचा भार वाचतो एवढ्यावर हा विषय संपत नाही. सेट कोणत्या स्नायूमुळे संपतो, हेही बघायला हवं. वाकलेल्या रोमध्ये बहुतेकांचा सेट विंग्ज थकल्यामुळे संपत नाही, कंबर भरून आल्यामुळे संपतो. विंग्जमध्ये अजून तीन-चार रेप शिल्लक असतात, पण धड धरणारे स्नायू हात टेकतात. मग माणूस म्हणतो, इतकं वजन मारतो तरी पाठ रुंद होत नाही. छाती टेकवली की मधला हा अडथळा निघतो आणि सेट विंग्ज थकेपर्यंत नेता येतो. हातातलं वजन कमी दिसतं, पण ज्या स्नायूसाठी व्यायाम आहे त्याला काम जास्त मिळतं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २००९ मध्ये रोच्या तीन प्रकारांची तुलना झाली होती. वाकून मारलेला रो, एका हाताने केबल ओढायचा रो, आणि रॉडला लटकून अंग वर ओढायचा उलटा रो. कंबरेवर सगळ्यात जास्त भार वाकलेल्या रोमध्ये भरला, सगळ्यात कमी उलट्या रोमध्ये, आणि वरची पाठ मात्र उलट्या रोमध्येही जोरात काम करत होती. त्यात बेंचवरचा रो नव्हता, तरी धागा तोच दिसतो: धड पेलायचं काम कंबरेवरून काढलं तरी वरच्या पाठीचं नुकसान होत नाही.

आता आपल्या हंगामाकडे येऊ, कारण माझ्या मते रोची निवड इथं कॅलेंडरवर अवलंबून आहे. सोयाबीनची सोंगणी दसरा-दिवाळीच्या आसपास येते. विळा हातात, कंबर वाकलेली, सकाळपासून दुपारपर्यंत. ती आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी सुरू होते, आणि ओटी भरत जाते तसं पुढे लटकणारं वजनही वाढत जातं. या कामांत माणूस बराच वेळ पूर्ण वाकलेला असतो. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू काम सोडून देतात आणि भार मणक्यामागच्या दोऱ्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर येतो. हे दोरे हळूहळू ताणून सैल पडतात. त्याच वॉटर्लू विद्यापीठात हेही मोजलं गेलं होतं. २० मिनिटं पूर्ण वाकून बसवल्यावर, पुढच्या दोन मिनिटांच्या विसाव्यात कंबरेचा आधीचा ताठपणा निम्माच परत आला, आणि अर्ध्या तासानंतरही थोडी ढिलाई उरलीच होती. हे २० मिनिटांचं झालं. आपल्याकडे दिवसच्या दिवस जातो.

अशी सैल पडलेली, थकलेली कंबर घेऊन संध्याकाळी सात वाजता वाकून रो मारायचा म्हणजे दिवसभराच्या कामात आणखी तेच काम घालायचं. दुखणं नेहमी वजनामुळेच येतं असं नाही. पुष्कळदा वजन ठीक असतं, दिवस चुकीचा असतो.

मागच्या सोंगणीत माझ्याकडे येणाऱ्या एका पोराचं उदाहरण घेऊन हे नीट दाखवतो. वय चोवीस, वजन ६५ किलो, पोलीस भरतीची तयारी करणारा, घरची शेती. सकाळी सोंगणी आणि संध्याकाळी जिम. तो ४० किलोचा रो आठ-आठ रेपचे चार सेट मारायचा. तिसऱ्या सेटला म्हणाला, “सर, माही कंबर लय भरून येऊन रायली.” मी म्हटलं, “बाबू, मोबाइल बाजूला लावून एका सेटचा व्हिडिओ काढून घे, मग पाहू.” बाजूने काढलेल्या त्या व्हिडिओत सगळं दिसलं. पहिल्या रेपला धड ३० अंशांवर होतं, आठव्याला जवळपास ६०. प्रत्येक रेपला तो थोडा थोडा उभा होत होता, आणि सहाव्या रेपपासून खालच्या टोकाला कंबर गोल होत होती. विंग्जवर काही जाणवतं का विचारलं तर म्हणाला, “नाही सर, नुसती कंबरच.”

सोंगणी आणि मळणी संपेपर्यंत त्याचा वाकलेला रो बंद केला. त्याच्या जागी छाती टेकवून, प्रत्येक हातात १५ किलो, दहा रेपचे तीन सेट, दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विसावा. ४० वरून ३० किलोवर उतरणं त्याला कमीपणाचं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण वर एक क्षण थांबायचं आणि खाली आणायला दोन-तीन सेकंद घ्यायचे, हे पाळलं तेव्हा पहिल्याच दिवशी दहाव्या रेपला त्याच्या विंग्जनी हात टेकले. पुढे तीन सेटमध्ये दहाही रेप छाती न सुटता झाले की मगच वजन वाढवायचं, असं ठरवलं. डंबेल अडीच किलोच्या टप्प्याने चढतात, म्हणजे दोन हातांचे मिळून पाच किलो. ही उडी मोठी असते, म्हणून आधी रेप बारापर्यंत नेऊन मग वजन बदललं.

बेंच लावताना दोन चुका नेहमी होतात. गादीची वरची कड गळ्याला लागेल इतकं वर सरकायचं नाही. कड छातीच्या वरच्या भागात यावी, हनुवटी मोकळी राहावी, नाहीतर श्वास कोंडतो आणि मान वर उचलली जाते. दुसरी चूक बेंच फार खाली ठेवण्याची. लांब हाताच्या माणसाचे डंबेल जमिनीला टेकतात, आणि खालचा ताण, जो या व्यायामात कामाचा आहे, तो मिळत नाही. असं झालं तर बेंचची पाठ एक खूण वर घ्या. पायाचे चवडे जमिनीवर घट्ट असू द्या. कोपर कमरेच्या दिशेने मागे न्या, खांद्याच्या रेषेत बाहेर नको. कोपर बाहेर गेले की काम विंग्जकडून खांद्याच्या मागच्या भागाकडे सरकतं.

तिरपा होणारा बेंच गावातल्या जिममध्ये नसतो, हे मला माहीत आहे. अशा वेळी सपाट बेंचवर एक हात आणि एक गुडघा टेकवून, एका हाताने डंबेल ओढा. टेकवलेला हात धडाचा बराच भार घेतो, कंबरेला आराम मिळतो. छाती टेकवण्याइतका नाही, पण दोन पायांवर वाकून उभं राहण्यापेक्षा पुष्कळ. किंवा स्क्वॉटच्या स्टँडवर रॉड कमरेएवढ्या उंचीला पक्का बसवून त्याखाली उताणे लटका आणि छाती रॉडकडे ओढा. जड जात असेल तर गुडघे वाकवा. फक्त रॉड स्टँडमधून निसटणार नाही याची आधी खात्री करून घ्या.

मग वाकलेला रो कायमचा सोडायचा का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण पुन्हा शेतीच आहे. छाती टेकवून मारलेला रो कंबरेला काहीच शिकवत नाही. ५० किलोचा कट्टा ट्रॉलीवर चढवताना वाकलेलं धड ताठ ठेवायचं असतं, आणि ते स्नायू सरावानेच तयार होतात. फक्त त्या सरावाला विसावलेली कंबर हवी. आपल्याकडे ती फेब्रुवारी ते मेमध्ये मिळते. वेचणी उरकलेली असते आणि पेरणी लांब असते.

त्या पोराला फेब्रुवारीत परत वाकलेल्या रोवर आणलं तेव्हा सुरुवात ४० पासून नाही केली. आधी रिकामा रॉड हातात घेऊन ३० अंशांवर वाकून नुसतं २० सेकंद थांबायचं. पाठीवर एक सरळ काठी ठेवली. डोक्याची मागची बाजू, दोन फऱ्यांची मधली जागा आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे आणि कंबरेच्या खोलगटात तळहात शिरेल एवढीच फट हवी. तळहात सहज आरपार गेला तर कमान जास्त, शिरलाच नाही तर पाठ गोल. हे जमल्यावर रॉडसकट २० किलो, आठ रेपचे तीन सेट, आणि पहिल्या व आठव्या रेपचा कोन व्हिडिओत सारखा दिसला तरच पुढच्या आठवड्यात अडीच किलो जास्त. कोन बदलला तर वजन तेवढंच.

रॉडसकट असं मी मुद्दाम म्हणतोय. आपल्याकडच्या जिममध्ये रॉड वेगवेगळ्या लांबी-जाडीचे असतात, आणि सगळे २० किलोचे नसतात. कापूस मोजायचा काटा घरी असतोच, त्याला एकदा लटकवून बघा. दुसरी अडचण प्लेटांची. मोठ्या स्पर्धेच्या प्लेटा ४५ सेंटीमीटर व्यासाच्या असतात, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर वर राहतो. आपल्या दहा किलोच्या प्लेटा बऱ्याच लहान, रॉड घोट्याशी येतो. तिथून उचलताना पाठ गोल होतेच, सेट सुरू व्हायच्या आधीच. म्हणून रॉड स्टँडवर मांडीच्या उंचीला ठेवा, उभे राहून घ्या, एक पाऊल मागे या आणि मग वाका. ठेवतानाही तसंच. स्टँड नसेल तर दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली जुन्या टायरची उंची द्या. बेल्टने पोट आवळून थोडा आधार मिळतो, पण रॉडचं कंबरेपासूनचं अंतर बेल्ट कमी करत नाही.

थकवा आणि इजा यातला फरकही ओळखता यायला हवा. कंबरेच्या दोन्ही बाजूंना सारखं जडपण, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरणारं, हा थकवा. एका बाजूने कुल्ल्यातून गुडघ्याखाली उतरणारी कळ, पायाला मुंग्या, खोकताना-शिंकताना पायात जाणारी चमक, असं असेल तर दोन्ही प्रकारचे रो थांबवून डॉक्टरांना दाखवा. अशा दुखण्यात बेंचवर पालथं पडणंही काहींना सोसत नाही. चवडा उचलता येईनासा झाला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जिल्ह्याचं रुग्णालय गाठा.